फॉर्म तिथेच, की वेगळं पान?

दांडिया बाजारात शिवणवर्ग चालवणाऱ्या मामेबहिणीनं विचारलं, "दादा, जाहिरातीला फेसबुकचाच फॉर्म लावू की आपलं वेबसाइटचं पान बनवू?" तिला फॉर्म स्वस्त वाटत होता.

स्वस्त आहेच, पण हिशेब फीपर्यंत न्यायला हवा. समजा, दोन्हींवर प्रत्येकी 5,000 रुपये खर्च केले. फॉर्ममधून 100 नावं आली, त्यातल्या 4 जणींनी प्रवेश घेतला. पानावरून 25 नावं आली, प्रवेश 5. फॉर्मचं नाव 50 रुपयांना पडलं आणि पानावरचं 200 ला, पण प्रवेश मात्र 1,250 आणि 1,000 ला.

असं होतं, कारण फॉर्ममध्ये नाव-नंबर खात्यातून आधीच भरलेले असतात. स्क्रोल करता करता दोन टिचक्या, झालं. कधी नंबरही जुनाच निघतो. संध्याकाळी फोन केला की, "मी कुठे भरला फॉर्म?" पानावर येणारी बाई फी आणि बॅचची वेळ वाचते, मग नंबर स्वतः टाइप करते. गाळणी तिथेच लागते. अर्थात पान मोबाइलवर सावकाश उघडलं, तर खरी गरजू बाईही परत जाते.

फॉर्मच ठेवायचा तर Higher intent प्रकार निवडावा, त्यात पाठवण्याआधी माहिती तपासावी लागते. शिवाय एक उत्तर टाइप करायला लावावं: "काय शिवायला शिकायचंय?"

दहा मिनिटांत फोन करणारं माणूस असेल आणि फी कमी असेल, तर फॉर्म बरा. फी मोठी, फोन करायला ती एकटीच, तर पान. बहिणीला मी पानच सांगितलं.