बदामाची खाच: सुईने दुमडायची की इस्त्रीने?

पत्त्यांतल्या बदामाच्या आकाराचे बारा तुकडे जोडून दुलई करायची असेल, तर अ‍ॅप्लिकची, म्हणजे दुसऱ्या कापडावर ठेवून शिवायच्या तुकड्याची, कड सुईने दुमडत शिवायची की पुठ्ठ्यावर इस्त्री करून आधीच वळवायची, हे कापड कापण्यापूर्वीच ठरवा. आठ सेंटिमीटर रुंदीचा एक बदाम घेऊ. त्याला वर दोन गोल खांदे, खाली टोक आणि मध्ये आत शिरणारी खाच असते.

गोल खांद्यांना इस्त्री सरस ठरते. कडेला आत दुमडण्यासाठी पाच मिलिमीटर माया ठेवून बदाम कापा, खांद्याच्या मायेत बारीक धावदोरा घाला आणि पुठ्ठ्यावर ओढा. चुण्या सारख्या वाटल्या जातात. मग खळ लावून इस्त्री करा आणि पुठ्ठा काढा. सुईने मात्र एका वेळी एक-दोन टाक्यांपुरतीच माया आत ढकलावी लागते. जास्त ढकलली की आत घडी गोळा होते आणि बाहेर कोपरा उठतो. असा उंचवटा दिसला, तर तो टाका ओढून घट्ट करू नका. सुई मायेत पंख्यासारखी फिरवून घडी पसरवा. बाहेरच्या गोलाईला चिरा देऊ नका, प्रत्येक चिरेपाशी कोपरा दिसतो.

खाचेत गणित उलटते. तिथे चीर खुणेच्या रेषेच्या एक-दोन धाग्यांपर्यंत न्यावी लागते, म्हणून टोकाला माया जवळजवळ उरतच नाही. सुई तिथे पुनःपुन्हा खरवडली की दोरे सुटतात. म्हणून चीर आधी देऊन ठेवू नका, शिवत एक सेंटिमीटरवर आलात की द्या. न शिवलेल्या बाजूची माया एकाच फेऱ्यात आत वळवा आणि अंगठ्याने दाबून धरा. टाके दोन मिलिमीटरऐवजी एकावर आणा. अगदी टोकावर दोन-तीन धागे आत धरून एक खोल टाका घाला, लागल्यास त्याच भोकातून दुसरा. चीर उरेबात, म्हणजे विणीला तिरकी, पडेल असा बदाम कापला, तर दोरे कमी निघतात.

इस्त्रीनेही खाचेला चीर द्यावीच लागते. खळीमुळे धागे धरून राहतात, पण पुठ्ठा काढताना नेमकी तीच जागा ताणली जाते.

कापडाचाही विचार हवा. सुती पॉपलीनला दोन्ही चालतात. टेरिकॉटवर नखाने घडी बसत नाही, म्हणून सुईने दुमडणे त्रासाचे होते. इंदुरात माहेश्वरीचे तुकडे हाती लागतात, पण रेशीम-सुताच्या त्या कापडावर खळीचे डाग पडू शकतात आणि दोरेही लवकर सुटतात. तिथे सुईच बरी, माया सहा मिलिमीटर ठेवून.

बाराही बदाम एकाच मापाचे आणि सुती असतील, तर मी मिश्र रीत धरेन: खांदे इस्त्रीने, आणि खाचेच्या दोन्ही बाजूंचा एकेक सेंटिमीटर इस्त्रीविना मोकळा ठेवून सुईने. माप वेगवेगळे असेल, तर दर बदामाला नवा पुठ्ठा कापण्यात वेळ जातो. मग सुईनेच करा, आणि सुरुवात खाचेपासून नव्हे, तर खालच्या सरळ बाजूवरून करा.