बदलीची नोकरी आणि गाडी : लीज की खरेदी?

गाडीची किंमत 100 धरू. 9 टक्के व्याजाने पाच वर्षांचं पूर्ण कर्ज काढलं आणि तीन वर्षांनी बदली झाल्यावर गाडी 60 ला विकली, तर किमतीतली घट 40 आणि तोवरचं व्याज साधारण 20, म्हणजे खर्च 60. तीच गाडी तीन वर्षांच्या लीजवर, महिना 1.7 ने घेतली तर 61. विमा आणि देखभाल दोन्हीकडे वेगळी धरली आहे. म्हणजे जवळपास बरोबरी, आणि लीजमध्ये गिऱ्हाईक शोधायची कटकट नाही.

पण बदली दीड वर्षातच आली तर? करारात उरलेल्या हप्त्यांपैकी निम्मे भरण्याची अट असेल, तर लीज 46 ला पडते. स्वतःची गाडी 75 ला गेली, तर घट 25 आणि व्याज 12, मिळून 37. मात्र घाईत विकताना हा भाव मिळेलच असं नाही, आणि 66 च्या खाली आलात की खरेदीच महाग.

म्हणून मी हप्त्याआधी मुदतपूर्व समाप्तीचं कलम वाचतो. बदलीची तारीख पक्की असेल तर लीज घ्यावी. बेभरवशाची असेल तर लीज दुसऱ्याच्या नावे करता येते का, हे आधी लेखी विचारावं.