नवसाचे केस देवाऐवजी कोणाच्या पिशवीत गेले

तिरुपतीला केस वाहण्याचा नवस ज्यांच्या घरी बोललेला आहे, विशेषतः ज्यांच्या नवसात लहान मुलाचे जावळ किंवा घरातील बाईचे केस आहेत, त्यांच्यासाठी हे लिहीत आहे. आमच्या घरची फसवणूक पैशांच्या हिशेबाने फार मोठी नव्हती. परंतु तिच्यात वहिनींची वेणी गेली, आणि ती देवाला न पोहोचता एका माणसाच्या पिशवीत गेली, ही गोष्ट आमच्या इंदूरच्या घरात अजूनही कोणाला सहन होत नाही.

पुतण्या जन्मल्यावर काही काळ अतिदक्षता कक्षात होता. तेव्हा आत्यांनी, ‘लेकरू सुखरूप घरी येऊ दे, बालाजीला केस वाहू,’ असा नवस बोलला. केस कोणाचे आणि किती, हे त्या वेळी ना त्यांनी सांगितले, ना कोणी विचारले. मूल बरे होऊन वर्षाचे झाले तेव्हा घरात असे ठरले की बाळाचे जावळ तिरुमलेला काढावे आणि वहिनींनी तीन बटा द्याव्यात. बायकांनी पूर्ण मुंडण न करता कात्रीने तीन ठिकाणी केस कापून अर्पण करण्याची रीत तिथे चालते आणि पुष्कळ बायका तेवढेच करतात. आमच्या नवसातील नेमकी ही सैल जागा पुढे त्या माणसाने हेरली.

लोकमान्यनगरातील एका ओळखीच्या कुटुंबाकडून आम्हांला तिरुपतीतील एका ‘सेवका’चा नंबर मिळाला. त्यांनी तो चांगल्या हेतूनेच दिला होता, कारण त्यांच्याबरोबर मुंडण करणारे सगळे पुरुष होते आणि त्यांना काही वावगे दिसलेच नव्हते. फोनवर हा गृहस्थ हिंदीत अतिशय आदबीने बोलला. मुंडण, दर्शन आणि राहण्याची सोय अशी सगळी व्यवस्था करतो, असे सांगून त्याने पंधराशे रुपये आगाऊ मागवले. त्या बोलण्यात त्याने दोनदा विचारले की बरोबर बायका किती आहेत आणि त्यांचे केस कुठवर आहेत. वहिनींचे केस कमरेखाली येतात हे दादाने सहज सांगून टाकले. मुंडणाची सोय करणाऱ्याला केसांच्या लांबीशी काय कर्तव्य, हा प्रश्न तेव्हा पडण्याचे कारणच नव्हते, कारण केसांच्या बाजाराविषयी आमच्यापैकी कोणाला काही माहीत नव्हते.

तो स्टेशनवर घ्यायला आला आणि डोंगरावर न नेता खाली तिरुपती गावातच, एका गल्लीतील दोन खोल्यांच्या घरात घेऊन गेला. भिंतीवर हार घातलेली व्यंकटेशाची तसबीर, खाली पाण्याच्या बादल्या, दोन पाट आणि एक न्हावी, असा थाट होता. पिवळ्या कागदावर शिक्का मारलेली चिठ्ठी हातात देऊन त्याने तिला टोकन म्हटले. वर बायकांची रांग रात्रभर संपत नाही, मूल हैराण होईल, ही देवस्थानाचीच शाखा आहे आणि ही चिठ्ठी दाखवली की मुंडण झालेल्यांच्या वेगळ्या रांगेतून लवकर दर्शन होते, असे त्याने समजावले. त्यात अर्धे सत्य असल्यामुळे ते पटले. डोंगरावर मुख्य कल्याणकट्ट इमारतीखेरीज भाविकांच्या निवासांजवळ मुंडणाची लहान केंद्रे खरोखरच आहेत. मात्र ती देवस्थानाच्या आवारात आहेत, कोणाच्या घरात नाहीत.

न्हाव्याने डब्यातून आधीच उघडलेले ब्लेड काढून वस्तऱ्याला लावले. दादाने बाळाला मांडीवर घट्ट धरले, बाळाने मान झटकली आणि कानाच्या वर काप गेला. रक्त थोडेच आले, पण डब्यातले ते ब्लेड कोणाकोणाच्या डोक्यावरून फिरले असेल, हे सांगता येत नव्हते. वापरलेल्या ब्लेडमधून रक्तावाटे हेपॅटायटिस बी आणि सी यांसारखे आजार लागू शकतात, म्हणून इंदूरला परतल्यावर आम्ही बालरोगतज्ज्ञांकडे जाऊन बाळाचे हेपॅटायटिसचे डोस पूर्ण झाले आहेत की नाहीत, हे आधी तपासून घेतले. जावळाचे पाचशे रुपये घेतले गेले.

मग वहिनींची पाळी आली. त्यांनी तीन बटांचे सांगताच त्या माणसाचा सूर बदलला. साध्यासुध्या नवसाला तीन बटा चालतात, पण मुलाच्या जिवासाठी बोलला असेल तर मुंडण हवे, निदान वेणी तरी हवी, नाहीतर देवाचे देणे मुलाच्या डोक्यावर राहते, असे तो म्हणाला. मूल रडत होते, आत्या घाबरल्या, आणि मुलावर देणे राहील हे शब्द कानावर पडल्यावर कोणत्या आईने हट्ट धरावा? वहिनी मान खाली घालून बसल्या. न्हाव्याने केस विंचरून घट्ट वेणी घातली, तिला मानेजवळ आणि टोकाला रबर लावले, मानेजवळच्या रबराच्या वर कात्री चालवली आणि वेणी वर्तमानपत्रात गुंडाळून कापडी पिशवीत ठेवली. संध्याकाळच्या गाडीने ती वर हुंडीत जाईल, असे सांगून त्याने अकराशे रुपये ‘दक्षिणा’ घेतली.

ही रबरे हीच त्या व्यवहाराची खूण होती, हे पुढे एका जाणकाराने समजावले. टोपांसाठी केस घेणारे व्यापारी लांबीप्रमाणे भाव देतात, आणि सगळ्या केसांची मुळे एकाच बाजूला राहिलेली असली तर भाव आणखी चढतो, कारण उलटसुलट झालेले केस गुंततात. देवस्थान स्वतः भाविकांनी अर्पण केलेले केस लांबीप्रमाणे वेगळे करून लिलावाने विकते. त्यात सर्वांत वरची प्रत 31 इंचांहून लांब केसांची असते आणि तिचा भाव किलोमागे हजारो रुपयांत जातो, तर पाच इंचांहून आखूड केसांना जवळजवळ काहीच किंमत येत नाही. बाळाच्या जावळाचे त्या माणसाला मोलच नव्हते. आगाऊ रक्कम आणि दक्षिणा ही त्याची वरकमाई होती, खरा माल वहिनींच्या पाठीवर होता.

डोंगरावर पोहोचल्यावर पिवळी चिठ्ठी कोणी हातातही धरली नाही. मुंडण केल्याने दर्शनाची रांग आखूड होत नाही. दर्शनाचे तिकीट किंवा टोकन वेगळे, आणि मुंडणाचे टोकन वेगळे. त्या दिवशी दर्शन राहिले ते राहिलेच, पण दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनींनी स्वतः आग्रह धरला की उरलेल्या केसांतून का होईना, तीन बटा योग्य ठिकाणी द्यायच्या. त्यामुळे खरी पद्धत आम्हांला जवळून पाहायला मिळाली.

कल्याणकट्ट रात्रंदिवस चालू असते. पादत्राणे बाहेर ठेवून आत गेले की खिडकीवर टोकन आणि त्याच्याबरोबर ब्लेड मिळते, आणि दोन्ही विनामूल्य असतात. टोकनावर ज्या न्हाव्याचा क्रमांक असतो त्याच्यासमोर जाऊन बसायचे. तिथल्या नळाचे पाणी घेऊन केस आपणच मुळापर्यंत भिजवायचे, कारण कोरड्या केसांवर वस्तरा ओढला जातो आणि काप पडतात. ब्लेड आपल्या हातून न्हाव्याकडे जाते आणि तो ते आपल्या डोळ्यांदेखत वस्तऱ्यात बसवतो. ब्लेड तुमच्या हातात न येता वस्तरा आधीच तयार असेल, तर तिथेच उठावे. बायकांसाठी महिला न्हावी असतात. वहिनींच्या तीन बटा त्यांच्यापैकीच एका बाईंनी कापल्या आणि त्या तिथेच इतर केसांत टाकल्या. सगळे काम दोन मिनिटांत झाले.

पैशांविषयी एक गोष्ट स्पष्ट लिहितो. आतील न्हाव्यालाही बक्षिशी देऊ नये. देवस्थानाने तिला बंदी घातलेली आहे आणि 2017 मध्ये भाविकांकडून पैसे घेतल्याबद्दल 243 न्हाव्यांना कामावरून काढले होते. तरीही एखादा हात पुढे करतो, विशेषतः मूल मांडीवर असताना आणि वस्तरा अर्ध्यावर थांबवून. अशा वेळी टोकनाचा क्रमांक मोठ्याने वाचला की पुष्कळदा तेवढ्याने काम भागते.

ज्या बायकांनी पूर्ण मुंडण करायचे ठरवले आहे, त्यांनी दागिने, पिना आणि गळ्यातील पोत आधीच काढून घरच्या माणसाकडे द्यावी, जुना सुती पोशाख घालावा आणि आंघोळीनंतरचे कपडे हाताशी ठेवावेत. तिथे गरम पाण्याची आणि बायकांसाठी वेगळ्या स्नानगृहांची सोय आहे, पण गर्दीत कपडे धरायला बरोबर दुसरी बाई असलेली बरी. लांब केस असतील तर ते दोन-तीन भागांत बांधून मगच वस्तरा लावतात. त्यामुळे गाठ बांधली म्हणजे लबाडी, असे समजू नये. गाठलेले केस पुढे कुठे जातात, तिकडे लक्ष ठेवावे.

लहान मुलाला पोट भरल्यावर लगेच किंवा झोपेच्या वेळी बसवू नये. एकाने मांडीवर घेऊन हात धरावेत आणि दुसऱ्याने समोरून हनुवटी व गाल धरून डोके स्थिर ठेवावे. टाळू भरलेली नसेल तर तसे न्हाव्याला आधी दाखवावे. मुंडणानंतर लावण्याचे चंदन बाहेर सर्वत्र मिळते, मात्र काप गेलेल्या जागेवर ते लावू नये. ती जागा स्वच्छ पाण्याने धुऊन कोरडी ठेवावी. डोंगरावर रात्री गार वारा असतो आणि दिवसा उघड्या टाळूला ऊन लागते, म्हणून सुती टोपी लागतेच.

बाळाच्या डोक्यावर मात्र वाहायला केसच उरले नव्हते. आत्यांचा जीव त्यातच अडकला होता. शेवटी दादाने बाळाला मांडीवर घेऊन स्वतःचे मुंडण करून घेतले आणि ते बाळाच्या नावाने वाहिले. त्यावर आत्या काही बोलल्या नाहीत, पण परतीच्या गाडीत त्यांनी बाळाचे नाव घेऊन प्रसादाचा पहिला तुकडा दादाला दिला.

पंधराशे रुपये ज्या खात्यात गेले ते निराळ्याच नावाचे निघाले आणि तो नंबर आता लागत नाही. इंदूरला येऊन 1930 या क्रमांकावर तक्रार नोंदवली आहे. ज्यांच्याकडून नंबर मिळाला त्या कुटुंबालाही सर्व कळवले, आणि त्यांनी तो पुढे ज्यांना दिला होता त्या प्रत्येकाला फोन केला. त्यांच्यापैकी एका घरची लेक पुढच्या महिन्यात नवस फेडायला निघाली आहे. तिचे केस गुडघ्यांपर्यंत आहेत, आणि त्या माणसाने तिलाही फोनवर तोच प्रश्न विचारला होता.