आठ महिने डीएलपी वापरून: कार्ड नंबर म्हणून अडवले ते आमचेच ऑर्डर नंबर निघाले

कस्टमरचा डेटा कुणी मेलने बाहेर पाठवू नये म्हणून हे डीएलपी टूल घेतलं, ते बाहेर जाणारे मेल तपासून असा डेटा अडवतं. पहिला महिना फक्त नोंद ठेवायची, अडवायचं काही नाही असं ठरलं, आणि बरं झालं तसं ठरलं, नाहीतर डिस्पॅचवाल्यांनी आम्हाला जगू दिलं नसतं.

झालं काय, तर एका मेलमध्ये 10 पेक्षा जास्त कार्ड नंबर दिसले की अलर्ट, असा तयार रूल होता. आमचे ऑर्डर नंबर 16 आकडी, त्यात सुरुवात 4 ने, अगदी व्हिसा कार्डासारखी. टूल शेवटचा आकडा हिशोबात बसतो का ते तपासतं (लुन चेक म्हणतात त्याला), पण कुठलाही नंबर घ्या, दहातला एक योगायोगाने बसतोच. डिस्पॅचची रोजची शीट 400 ऑर्डरची, म्हणजे साधारण 40 नंबर 'कार्ड' ठरणार. रोज अलर्ट! आणि इतका कचरा रोज आला की माणूस बघायचंच सोडून देतो, मी पण सोडलं होतं, खोटं कशाला बोलू.

मग एक्झॅक्ट मॅच लावलं. यात आपल्या कस्टमर टेबलचे हॅश, म्हणजे मूळ माहिती उघड न करणारे सांकेतिक ठसे, करून टूलला देतात, आणि खाते नंबर आपल्या टेबलातला असेल आणि जवळच त्याच माणसाचं नाव किंवा ईमेल असेल तरच अलर्ट येतो. डिस्पॅचचा गोंधळ एका दिवसात बंद. पण तिसऱ्या महिन्यात मी सहज म्हणून नव्या 15 कस्टमरची यादी स्वतःच्या पर्सनल मेलवर पाठवून बघितली तर ती आरामात गेली, कारण टेबल पहिल्या दिवसानंतर कुणी अपलोडच केलं नव्हतं. टूलच्या लेखी ते 15 जण अस्तित्वातच नव्हते. आता रोज रात्री अपलोड होतं, आणि जॉब फेल झाला तर मला मेल येतो.

फाइल किती गुप्त आहे ते सांगणारी लेबलं तिच्यावर लावता येतात, त्यांबद्दल माझं मत जरा कडू आहे. डिफॉल्ट 'अंतर्गत' ठेवलं, लोकांनी ते बदललंच नाही. त्यात लेबल फाइलला चिकटलेलं असतं, आतल्या ओळींना नाही. 'गोपनीय' एक्सेलमधल्या वीस ओळी कॉपी करून मेलमध्ये पेस्ट केल्या की लेबल मागेच राहतं, तिथे कामाला येतो तो मजकूर तपासणारा रूलच.

अडवल्यावर 'कारण लिहून पाठवा' अशी सोय दिली होती. कारणं काय आली, तर 'ok', 'काम आहे', आणि एकाने नुसतं टिंब. म्हणून आता बाहेरच्या मेलला कारण चालत नाही, साहेबांची मंजुरी लागते.

पासवर्ड लावलेली झिप टूलला उघडता येत नाही, त्यामुळे ती आम्ही सरसकट थांबवून हाताने बघतो, आठवड्याला पाचसहा येतात. स्क्रीनचा मोबाइलने फोटो काढला तर मात्र यातलं काहीच चालत नाही, त्यासाठी मोठी यादी एकदम स्क्रीनवर दिसणंच कमी करतोय, ते काम अजून अर्धवट आहे.