चार दिवसांचा आठवडा: सहा महिन्यांनंतर सपोर्ट टीमचा अनुभव

आमची नागपुरात सहा जणांची सपोर्ट टीम आहे. औषधांच्या ठोक व्यापाऱ्यांचं बिलिंग सॉफ्टवेअर सांभाळतो, बरेचसे ग्राहक गांधीबागेतले. आधी पाच दिवस आठ-आठ तास होते, आता चार दिवस दहा-दहा. तास ४०च राहिले, पण रोज सहाऐवजी सरासरी पाचापेक्षाही कमी माणसं हाताशी असतात.

सुरुवातीला सगळ्यांना सलग तीन दिवस सुट्टी हवी होती. म्हणून तिघांना शुक्रवार, तिघांना सोमवार दिला. कागदावर छान दिसलं, पण हँडओव्हर इथेच फसला.

एका ग्राहकाचं ई-इनव्हॉइस निघत नव्हतं. गुरुवारी संध्याकाळी पावणेसातला पहिल्या सहकाऱ्याने नोंद केली, "बघतोय, उद्या कोणीतरी घ्या." शुक्रवारी दुसऱ्याने मूळ शोधलं: आयटम मास्टरमध्ये एचएसएन कोड सहाऐवजी चार आकडी होता. त्याने दुकानदाराला यादी दुरुस्त करून सोमवारी फोन करायला सांगितलं. सोमवारी फोन आला तेव्हा तो सुट्टीवर, आणि पहिल्याला शुक्रवारचं काहीच माहीत नाही. दुकानदाराला सगळं पहिल्यापासून सांगावं लागलं. दोघांनीही काम नीट केलं होतं. दोष वेळापत्रकाचा होता: काम शुक्रवारी ज्याच्याकडे जायचं, तो सोमवारी परत द्यायला नसायचा. पाच दिवसांच्या आठवड्यात हे खुर्ची वळवून दोन मिनिटांत सांगून व्हायचं.

मग सोमवारची सुट्टी काढून बुधवारची केली. आता एका गटाला बुधवार, दुसऱ्याला शुक्रवार, आणि दर महिन्याला अदलाबदल. सोमवारी सर्वांत जास्त फोन येतात आणि त्या दिवशी सहाही जण असतात. सुट्टीवरून येणाऱ्याला काम सांभाळलेला माणूस समोर भेटतो. बुधवारवाल्यांना लांब वीकेंड मिळत नाही, त्यावर कुरबुर अजून आहे आणि ती रास्तच आहे.

दुसरा बदल वेळेचा. दहाव्या तासाला डोकं चालत नाही, "बघतोय"सारख्या नोंदी तेव्हाच होतात. म्हणून हँडओव्हर आता पाच वाजता लिहितो. काय करून झालं, ग्राहकाला काय कबूल केलं आणि पुढचा फोन कोण कधी करणार, एवढंच. कबूल केलेलं लिहिलं नसेल तर नोंद अपुरी धरतो. पाचनंतर आलेलं काम फक्त त्याच नोंदीत जोडायचं.

सातपर्यंत थांबण्याचा फायदा मात्र खरा आहे. दुकानदार संध्याकाळी गिऱ्हाईक कमी झाल्यावरच हिशेबाला बसतात, पूर्वी तेव्हा आम्ही निघालेले असायचो. जीएसटीच्या ११ आणि २० तारखेला मात्र कोणालाच सुट्टी नाही, त्या बदल्यात त्याच आठवड्यात दुसरा दिवस.

सहा जणांत हे जमतं, कारण बुधवारी एखादा रजेवर गेला तरी दोघं उरतात. चौघांच्या टीममध्ये तेव्हा एकच उरेल आणि तो जेवायला गेला की फोन वाजत राहील. तिथे मी पाच दिवसच ठेवेन.