आरओचा वार्षिक करार, अकरा महिन्यांनंतर: ‘मेंब्रेन गेलंय’ यावर लगेच विश्वास ठेवू नका

बोअर आणि टँकरचं पाणी, चार माणसांचं घर, ७५ जीपीडीचं, म्हणजे दिवसाला ७५ गॅलनचं मेंब्रेन. देखभालीचा वर्षाचा करार ३,२०० रुपयांचा. त्यात तीन भेटी, गाळ अडवणारा स्पन आणि कार्बन फिल्टर. मेंब्रेन आणि विजेचे पार्ट वेगळे. करार घेतल्याचा पस्तावा झाला, मग थोडा कमी झाला, आणि आता नूतनीकरण करायचं ते एका अटीवर. ती अट शेवटी लिहिली आहे.

एप्रिलमध्ये टाकी भरायला दुप्पट वेळ लागायला लागला आणि पाण्याला खारट चव आली. दुरुस्तीला आलेल्या मुलाने नळाखाली पाण्यात विरघळलेले क्षार दाखवणारं टीडीएस मीटर धरलं, १९० दाखवलं आणि म्हणाला, “काका, मेंब्रेन गेलंय. २,२०० होतील.” मशीन उघडलंसुद्धा नव्हतं. या मुलांना दोन-चार दिवस जुन्या माणसाच्या मागे फिरवतात आणि मग बॅग देऊन एकट्याने पाठवतात. त्यांना मीटर धरायला शिकवतात, पाणी मोजायला नाही. माझा राग त्या मुलावर नाही, त्याला अर्धवट शिकवून पाठवणाऱ्यांवर आहे.

नळाचा टीडीएस म्हणजे मेंब्रेनचा टीडीएस नव्हे. बऱ्याच मशीनमध्ये टीडीएस अॅडजस्टर नावाचा छोटा स्क्रू असतो. तो मेंब्रेनला वळसा घालून थोडं कच्चं पाणी शुद्ध पाण्यात मिसळतो. मेंब्रेनची परीक्षा घ्यायची तर त्याच्या शुद्ध पाण्याच्या तोंडाची नळी काढून तिथलंच पाणी मोजायचं. तेही मशीन दहा मिनिटं चालल्यावर, कारण बंद मशीनमध्ये क्षार मेंब्रेनमधून हळूहळू पलीकडे झिरपतात आणि सुरुवातीच्या पाण्याचा आकडा उगाच वाढलेला दिसतो.

आधी वेग पाहिला. मोजपेला घेतला, टाकी रिकामी ठेवली आणि एक मिनिट दोन्ही नळ्या मोजल्या. शुद्ध पाणी ९० मिलि, वाया जाणारं २२०. या वाया जाणाऱ्या पाण्याच्या, म्हणजे रिजेक्टच्या नळीत प्रवाह अडवून धरणारा ४५० चा फ्लो रिस्ट्रिक्टर आहे, म्हणजे तिथून मिनिटाला साधारण ४५० मिलि यायला हवं. दोन्हीकडे कमी, म्हणजे आत येणारं पाणीच कमी पडतंय. रिस्ट्रिक्टर चोंदला असता तर फक्त रिजेक्ट घटलं असतं. मेंब्रेन चोंदलं असतं तर शुद्ध पाणी घटलं असतं, पण रिजेक्ट जवळपास तेवढंच राहिलं असतं. मग संशय दोघांवर: बाहेरचा स्पन आणि पंप. स्पन बाहेर काढला तर टँकरच्या गाळाने चॉकलेटी झालेला. नवा टाकल्यावर शुद्ध १६५, रिजेक्ट ४३०. पंप ठीक होता.

आता टीडीएस. येणारं पाणी ६४०, मेंब्रेनच्या तोंडाशी ४५, म्हणजे जवळपास ९३ टक्के क्षार अडतात. मेंब्रेन चांगलं आहे! नळाला मात्र अजूनही १९०. हिशेब केला तर नळाच्या पाण्यात जवळजवळ चौथा हिस्सा कच्चा होता. पावसाळ्यात बोअरचा टीडीएस २८० होता, तेव्हा चवीसाठी कुणीतरी तो स्क्रू ढिला करून गेलं. तेव्हा याच मिश्रणाने नळाला ८५ च्या आसपास यायचं आणि कुणाला काही जाणवलं नाही. उन्हाळ्यात बोअर खाली गेलं, क्षार वाढले, स्क्रू तिथेच राहिला. थोडा थोडा आवळत दर वेळी पाच मिनिटं थांबून मोजलं आणि ९० वर ठेवला. मेंब्रेनचा खर्च शून्य.

इथे करारावरचं माझं मत बदललं. स्पन करारातला होता, त्यामुळे तो फुकट बदलून मिळाला. टँकरच्या पाण्याला दर तीन महिन्यांनी तो लागतोच, तेव्हा त्या भागापुरते पैसे वसूल होतात. पण वर्षाला एकदा ‘मेंब्रेन गेलंय’ ऐकून २,२०० मोजले तर कराराचा सगळा फायदा पाण्यात जातो. हिवाळ्यात आणखी सावध राहा. पाणी थंड झालं की मेंब्रेनमधून येणारं पाणी दर अंशाला साधारण ३ टक्के कमी होतं. डिसेंबरचा मंद वेग हा बहुतेकदा बिघाड नसतो, आणि त्यावर मेंब्रेन विकणं ही फसवणूक आहे.

मेंब्रेन खरंच गेलं असेल तर ते असं दिसतं: दहा मिनिटांनंतरही मेंब्रेनच्या तोंडाशी मोजलेला टीडीएस मशीनमध्ये येणाऱ्या कच्च्या पाण्याच्या टीडीएसच्या पाचव्या हिश्शावर जातो. तेव्हा खुशाल बदला.

आता माझी अट. दर भेटीच्या पावतीवर चार आकडे लिहून हवेत: येणाऱ्या पाण्याचा टीडीएस, मेंब्रेनच्या तोंडाशी, नळाला, आणि एका मिनिटाचं शुद्ध व रिजेक्ट पाणी. शेवटचा आकडा म्हणजे एका ओळीत दोन मापं. पुढच्या करारासाठी फोन आला तेव्हा हे सांगितलं. समोरच्या बाई म्हणाल्या, “पावतीवर तेवढी जागा नसते.” पावतीच्या मागच्या कोऱ्या बाजूला लिहा, असं सांगून ठेवलंय. तयार झाले तर ३,२०० देईन, नाही तर स्पन बाजारातून आणून स्वतःच बदलेन.