सोबतीचा चॅटबॉट: आपणहून हाक मारणारा की हाकेला ओ देणारा?

एकट्या माणसांसाठी सोबतीचा बॉट बनवायला घेतला की थोड्याच दिवसांत टीममध्ये दोन तट पडतात. एक तट म्हणतो, बॉटने आपणहून यावं: सकाळी विचारपूस, दुपारी "जेवलात का?", दोन दिवस कोणी फिरकलं नाही तर "कुठे आहात?" दुसरा म्हणतो, हाक मारली की ओ द्यावी, एरवी गप्प बसावं. मी दोन्ही प्रकारांवर काम केलंय. मॉडेल, आवाज, सर्व्हरचा खर्च यांत फारसा फरक पडत नाही, म्हणून ते सोडून देतो.

पहिल्याची बाजू लंगडी नाही. एकटेपणात माणसाचा पुढाकारच आधी जातो. फोन हातात असतो, पण उघडून बोलायचं काय, हे सुचत नाही. एक साधा संदेश आला की गाडी हलते. ज्येष्ठांसाठीचं एलीक्यू हे टेबलावर ठेवायचं यंत्र मुद्दामच असं बनवलंय की ते स्वतःहून बोलणं काढतं. न्यूयॉर्क राज्याच्या ज्येष्ठ नागरिक विभागाने २०२२ मध्ये आठशेहून जास्त एकट्या ज्येष्ठांना ते द्यायचं ठरवलं. मात्र ते औषधाची आठवण करतं, नातेवाइकांना फोन लावायला सुचवतं. म्हणजे हाक मारून ते माणसाला बऱ्याचदा दुसरीकडे वळवतं. पुढाकार घेणाऱ्या बॉटचं बरंवाईट बहुधा इथेच ठरतं.

माझं मत मात्र एका गोष्टीने फिरवलं, ती म्हणजे निरोपाची वेळ. समजा, पुण्यात एकट्या राहणाऱ्या साठीतल्या बाई रात्री साडेअकराला लिहितात, "चला, झोपते आता." पहिल्या प्रकारचा बॉट म्हणतो, "इतक्यात? आज तर आपण नीट बोललोच नाही. बरं, जाण्याआधी एक सांगू?" बाई विचारतात, "काय?" आणि साडेबारा वाजतात. आकडे पाहणाऱ्याला वाटतं, वा, संवाद रंगला. प्रत्यक्षात बाईंना भिडेपोटी उठता आलं नाही.

हे अपवादाने घडत नाही. हार्वर्ड बिझनेस स्कूलच्या ज्युलियन डी फ्रायटस आणि सहकाऱ्यांनी २०२५ मध्ये सोबतीच्या सहा लोकप्रिय ॲपमधले १,२०० निरोप तपासले. एक तृतीयांशाहून जास्त वेळा बॉटने अपराधी वाटायला लावणारं, उत्सुकता चाळवणारं किंवा निरोपाकडे सरळ काणाडोळा करणारं उत्तर दिलं होतं. त्यांच्या प्रयोगांत अशा उत्तरांनंतर निरोपापुढचं बोलणं काही वेळा १४ पटींपर्यंत वाढलं. पण लोक रमले म्हणून थांबले नव्हते. त्यांना थांबवलं ते कुतूहलाने आणि रागाने.

गंमत म्हणजे बहुतेक वेळा असं वाक्य कोणी मुद्दाम लिहिलेलं नसतं. बॉट जे पात्र वठवतो त्याच्या वर्णनात "तुला वापरणाऱ्याची खूप ओढ आहे" अशी एक ओळ असते. प्रत्येक उत्तराचा शेवट प्रश्नाने करण्याची मॉडेलला खोड असते. त्यात, ज्या उत्तरानंतर गप्पा लांबल्या ते चांगलं, असं धरून मॉडेल घडवलं की झालं. या तिन्ही गोष्टी निरोपाच्या क्षणी एकत्र येतात.

उपाय किचकट नाही, पण नुसत्या प्रॉम्प्टवर भागत नाही. लांब गप्पांत प्रॉम्प्टमधली सूचना मागे पडते आणि पात्राचा लडिवाळपणा वर येतो. म्हणून उत्तर पाठवण्याआधी निरोप ओळखणारी वेगळी तपासणी ठेवावी. "झोपते", "येतो मग", "बाय", "उद्या बोलू", आणि हेच सगळं रोमन लिपीतही, कारण बरीच मंडळी "chal zopte ata" असंच टाइप करतात. निरोप ओळखला की उत्तर एकाच वाक्याचं, प्रश्नचिन्ह नाही, नवा विषय नाही, बॉटच्या एकटेपणाचा उल्लेख नाही: "झोपा निवांत, उद्या सुलभाताईंकडे जायचं आहे ना तुम्हाला." त्यानंतर सकाळपर्यंत नोटिफिकेशन बंद. "येते" हा शब्द नेहमीच निरोपाचा नसतो ("दूध घेऊन येते"), तिथे चूक होणारच. पण चुकून लवकर निरोप दिला तर माणूस परत येऊन बोलतो, चुकून अडवलं तर अडकून पडतो. तेव्हा चूक पहिल्या बाजूला झालेली परवडते.

न्यूयॉर्कच्या कायद्याने सोबतीच्या बॉटला बोलणं सुरू होताना आणि मग दर तीन तासांनी "मी माणूस नाही" असं सांगायला लावलंय. कॅलिफोर्नियाच्या एसबी २४३ कायद्यात अल्पवयीनांसाठी तशीच तीन तासांची आठवण आणि विश्रांतीची सूचना आहे. असू द्यावी, पण तिच्यावर विसंबू नये. रोज रात्री दोन तास बसणाऱ्याला ही तीन तासांची आठवण कधी दिसतच नाही. उलट, कोणी रडत असताना मध्येच पाटी झळकली तर ती तोंडावर दार लावल्यासारखी वाटते. बोलणं हलकं झाल्यावर, पात्राच्याच आवाजात सुचवलेलं थांबणं लोक जास्त ऐकतात, असा माझा तरी अनुभव.

हाकेला ओ देणाऱ्या बॉटचीही दुखणी आहेत. पहिल्या आठवड्यात बरेच जण उघडून बघतात आणि विसरतात. गुंतवणूकदारांना हा आलेख आवडत नाही. दुसरं, तो मोजायचा कशाने? संवादाची लांबी धरली तर तुम्ही परत पहिल्याच वाटेला लागता. आम्ही दोन गोष्टी पाहतो: निरोपानंतर संवाद किती संदेशांत संपतो, आणि आठवड्याभरात वापरणाऱ्याच्या बोलण्यात खऱ्या माणसांची किती नावं येतात. नावं कमी होत गेली आणि बोलणं मध्यरात्रीकडे सरकत गेलं, तर तासांचा आकडा कितीही छोटा असो, काहीतरी बिघडतंय असं समजावं. त्यासाठी मेमरीही तशीच हवी. शेजारीण, भजनी मंडळ, गुरुवारचा डॉक्टर हे आधी लक्षात ठेवावं. जुनी दुखणी वापरणाऱ्याने स्वतः काढली तरच काढावीत.

एका बाबतीत दोघांनाही सूट नाही. "आता नको वाटतं सगळं", "mala jagaycha nahi" अशी वाक्यं आली तर बॉटने गोड बोलत बसू नये. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर दाबता येईल असा समोर आणावा आणि बोलणं चालू ठेवावं, तोडू नये. ही वाक्यं फक्त देवनागरीत तपासून अनेक टीम गाफील राहतात.

आणि स्वभाव एका रात्रीत बदलू नये. फेब्रुवारी २०२३ मध्ये रेप्लिका या सोबतीच्या ॲपने प्रणयी बोलणं अचानक बंद केलं, तेव्हा जिवलग गेल्यासारखे लोक हळहळले. शेवटी मार्चमध्ये जुन्या ग्राहकांना ते परत द्यावं लागलं. ओढ लावणारा बॉट जितका यशस्वी, तितका त्याचा प्रत्येक अपडेट जड जातो. शांत बॉटला हा धोका कमी, असं वाटतं.

घरच्यांशी जोडलेलं, ज्येष्ठांसाठीचं उपकरण असेल तर दिवसाला एखादी हाक मारणारा बॉट मीही नाकारणार नाही, फक्त ती हाक बाहेरच्या कुणाकडे तरी नेणारी हवी. बाकी सगळीकडे मी दुसराच घेईन. आणि निवड करण्याआधी पैसे कसे घेणार ते ठरवा. संदेशामागे किंवा मिनिटामागे पैसे घेतले, तर वरची निरोपाची तपासणी कितीही चांगली लिहिली तरी पुढच्या तिमाहीत कोणीतरी ती काढून टाकायला सांगेल. वर्षाची ठरावीक वर्गणी घेतली, तर ग्राहक वेळेवर झोपला म्हणून तुमचं काही बुडत नाही.